महिन्याचा प्लॅन फ्रीज करण्याआधी विक्री, प्लांट आणि अकाउंट्सचे तीन आकडे एकत्र कसे आणता?

मृदगंधा

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या एका पंप कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. शेतीचे सबमर्सिबल पंप हा आमचा मुख्य माल. प्रश्न व्ही-६ मोटारींबद्दल आहे, म्हणजे सहा इंची बोअरमध्ये बसणाऱ्या.

दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचा प्लॅन फ्रीज होतो आणि पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तो मोडलेला असतो. मार्चचे आकडे आत्ता समोर आहेत. विक्री विभाग म्हणतो ४,२०० नग लागतील. प्लांट म्हणतो ३,४०० च्या वर होणार नाहीत. अकाउंट्स म्हणतं २,९०० च्या वरचा माल परवडणार नाही. दरवेळी मीटिंगमध्ये तासभर वाद होतो, शेवटी कुणीतरी मधला आकडा सुचवतं आणि दमलेले सगळे मान डोलावतात. जानेवारीत असाच ३,६०० वर शिक्का बसला होता. प्रत्यक्षात ३,१५० बनले. त्यातले जवळपास पाचशे गोडाऊनमध्येच राहिले आणि त्याच वेळी ५ एचपीचे चालू मॉडेल संपल्यामुळे डीलर फोनवर ओरडत होते. निम्म्याहून जास्त डिस्पॅच शेवटच्या आठवड्यात गेला.

विक्री आणि उत्पादनाचा मेळ घालायची एस अँड ओपी नावाची मीटिंग आमच्याकडे आहे, पण ती अशी चालते. तुमच्याकडे हे तीन आकडे खरोखर कसे जुळवतात? पायऱ्या, तारखा, कोण काय घेऊन बसतं, सगळं ऐकायचं आहे.

विक्रीतला_माणूस

ताई, मी पंपांच्याच विक्रीत आहे, कंपनी दुसरी. तुमच्या विक्रीवाल्यांची बाजू मांडतो.

फेब्रुवारी ते मे हाच आमचा हंगाम. उभ्या उसाला पाणी द्यायचं असताना शेतकऱ्याची मोटार जळली, तर तो तुमच्या पंपासाठी आठवडाभर थांबत नाही. डीलरच्या रॅकवर तुमचा नसेल तर राजकोटचा किंवा कोइमतूरचा घेऊन त्याच संध्याकाळी बोअरमध्ये सोडतो. ती विक्री पुढच्या महिन्यात भरून निघत नाही, पुढची पाच-सात वर्षं ते गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे हंगामात प्लांटने जितकं होईल तितकं बनवावं. उरलं तर मे महिन्यात विकून देऊ. ४,२०० मागितले म्हणजे ४,२०० चे प्रयत्न झाले पाहिजेत.

आनंदीआनंद

आमचा दुग्धजन्य पदार्थांचा कारखाना आहे. आम्ही रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं श्रीखंड-पनीरचं गणित करतो. तुम्ही लाइन बॅलन्सिंग करून बघितलं का? कुठल्या स्टेशनवर किती मिनिटं जातात ते मोजून माणसं हलवली की आमचं आउटपुट बरंच वाढलं. गुढीपाडव्याला तर त्यावरच तरलो.

मृदगंधा

आनंदीआनंद, धन्यवाद, पण माझी अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. लाइन कशी चालवायची हे नंतरचं. तिच्यावर कोणता माल किती चढवायचा यावरच आमचं एकमत नाही.

विक्रीतला_माणूस, हंगामातली विक्री परत येत नाही हे शंभर टक्के मान्य. पण मेपर्यंत विकून देऊ म्हणता, तर पाऊस लवकर आला की तो माल दिवाळीपर्यंत पडून राहतो, तेही अनुभवलेलं आहे.

जुना_नियोजक

मृदगंधाताई, मी बरीच वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली, आधी मोटारींत आणि नंतर शेती अवजारांत. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुमचे तीन आकडे एकमेकांशी भांडतच नाहीत, कारण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. विक्रीचा ४,२०० बहुतेक टार्गेट असणार. प्लांटचा ३,४०० ही कुठल्यातरी एका खात्याची मर्यादा असणार. अकाउंट्सचा २,९०० बहुधा वार्षिक बजेटमधून उचललेला. त्यांची सरासरी काढून जो आकडा येतो तो कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसतो, म्हणून तो पाच दिवसांत मोडतो.

म्हणून आधी प्रत्येक आकडा उघडा. तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. ४,२०० मध्ये डीलरचे किती आणि प्रोजेक्टचे किती, आणि कुठले आकडे लेखी शेड्यूलवर आहेत? ३,४०० ला अडवणारं खातं कुठलं? आणि अकाउंट्सची भीती स्टॉकची आहे, की एखाद्या ठराविक तारखेच्या रोख पैशाची?

सर्व्हर_रूम

हे सगळं एक्सेलवर करत असाल तर असंच होणार. चांगलं प्लॅनिंग सॉफ्टवेअर घेतलं की तिन्ही विभाग एकाच आकड्यावर काम करतात, वाद राहत नाहीत. आमच्या क्लायंटकडे स्टॅटिस्टिकल फोरकास्टने अचूकता खूप सुधारली.

जुना_नियोजक

सर्व्हर_रूम, एका जागी आकडे ठेवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पाच जणांच्या पाच शीट असतील तर मीटिंगचा पहिला अर्धा तास कुठली शीट ताजी हे ठरवण्यातच जातो. पण सॉफ्टवेअरमध्ये विक्रीने टार्गेटच भरलं, तर सॉफ्टवेअर तेच टार्गेट नीट मांडून देईल. सौर पंपांच्या ऑर्डरी तर जुन्या विक्रीच्या आलेखावरून येतच नाहीत, त्या योजनेच्या वाटपावरून येतात.

मृदगंधा

दोन दिवस लागले, पण उत्तरं आणली आहेत.

४,२०० मध्ये २,६०० डीलरचे आणि १,६०० सौर प्रोजेक्टचे. डीलरचा आकडा म्हणजे रीजनल मॅनेजरांनी पाठवलेल्या आकड्यांची बेरीज. त्यांना विचारलं तेव्हा कळलं की वार्षिक टार्गेटमध्ये जेवढं बाकी आहे ते सगळं मार्चमध्ये टाकलंय. सौरचे १,६०० तीन इंटिग्रेटरांच्या, म्हणजे शेतात सौर पंप बसवून देणाऱ्या कंपन्यांच्या, पत्रांवरून आलेत. त्या पत्रांत मार्च ते मे असं लिहिलंय, लॉटच्या तारखा फक्त ७०० नगांच्याच आहेत.

प्लांटचा अडसर वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळण्याचं काम. व्ही-६ ची मोटार पाण्याने भरलेली असते, तिची प्लॅस्टिक-आवरणाची तार स्लॉटमधून हाताने ओढावी लागते, मशीनवर होत नाही. आमच्याकडे ३६ वाइंडर आहेत. २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ७,२०० तास. रजा, शिकाऊ, दुरुस्ती वजा जाता ८५ टक्के धरले तर ६,१२० तास. एका मोटारीला सरासरी १.८ तास. म्हणून ३,४००. यावर प्लांट हेड ठाम आहेत आणि मागच्या वर्षाचे आकडेही त्यांच्या बाजूने आहेत.

अकाउंट्सचं उत्तर मला नीट समजलं नाही. ते म्हणाले, ३१ मार्चला स्टॉक कमी दिसला पाहिजे, आणि ४३बी(एच) मुळे मार्चमध्ये फाउंड्रीकडून कास्टिंग जास्त घेता येणार नाही.

खतावणी

मी सीए आहे, कागल-शिरोली पट्ट्यातल्या काही कारखान्यांची कामं बघतो. तुमच्या अकाउंट्सचं अर्धं बरोबर आहे.

आयकर कायद्यातलं ४३बी(एच) सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायच्या पैशाबद्दल आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ती मुदत उलटून ३१ मार्चला बिल थकलेलं असेल, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आता बघा, ४५ दिवसांचा करार असेल तर मार्चमध्ये घेतलेल्या कास्टिंगची मुदत एप्रिल-मेमध्ये संपते. मुदतीत पैसे दिले की काही अडचण नाही. अडचण जानेवारीच्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या बिलांची आहे. ती ३१ मार्चच्या आत भागवावी लागतात. त्यामुळे मार्चमध्ये रोख पैसा जुन्या बिलांकडे जातो आणि तांब्याच्या तारेला उरत नाही. तारेचे पुरवठादार उधारी फार देत नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल.

दुसरी गोष्ट कॅश क्रेडिटची. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ती मर्यादा, काढते. साठ्यातून ज्याचे पैसे दिलेले नाहीत तो माल वजा करते, मग मार्जिन कापते, बहुतेक ठिकाणी २५ टक्के. येणी धरते, पण साधारण ९० दिवसांपेक्षा जुनी येणी सोडून देते. सौर प्रोजेक्टचे पैसे इंटिग्रेटरकडून उशिरा येतात. म्हणजे प्रोजेक्टची विक्री वाढली आणि येणी ९० दिवसांच्या पलीकडे गेली, की विक्री वर जाते आणि ड्रॉइंग पॉवर खाली येते. विक्रीच्या माणसाला हे कधीच दिसत नाही. अकाउंट्सवाला एवढंच म्हणतो, परवडत नाही. कुठल्या तारखेला किती कमी पडणार हे त्यांनी सांगितलं पाहिजे. मार्चमध्ये ७ च्या आसपास पगार, १५ ला अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, २० ला जीएसटी. खरी खोल जागा १५ ते २० मध्ये असते.

विक्रीतला_माणूस

ड्रॉइंग पॉवरचं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, हे मान्य करतो. पण एक प्रश्न. सगळं ऐकून अकाउंट्सने नाही म्हटलं तर विषय संपला का? मग विक्रीने मीटिंगला यायचं कशाला?

जुना_नियोजक

संपू नये. अकाउंट्सने नगांचा आकडा द्यायचाच नाही. त्यांनी तारखेसह कमाल रक्कम द्यायची: २० मार्चपर्यंत नेहमीपेक्षा इतके लाख जास्त अडकवू शकतो, त्यानंतर इतके. त्या रकमेत कुठला माल करायचा हे विक्री आणि प्लांटने मिळून ठरवायचं.

आता मृदगंधाताईंच्या आकड्यांकडे. सौरचे ७०० मार्चमध्ये धरा. उरलेले ९०० एप्रिल-मेचे समजा, आणि ‘तारीख नाही’ असं त्यांच्यासमोर लिहा. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी स्वतः पुरवठादार निवडतो. त्यामुळे इंटिग्रेटरलाही आपल्या वाट्याला किती येणार ते शेवटपर्यंत पक्कं कळत नाही. एचपीचं मिश्रण मात्र थोडं आधी कळतं, कारण ते जमिनीवर ठरतं: अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. तुमच्या इंटिग्रेटरांचे जिल्हे कुठले आहेत त्यावरून विचारता येईल.

डीलरच्या २,६०० साठी माझा सल्ला असा: ज्या आकड्यावर माणसाचं इन्सेंटिव्ह आहे, तो आकडा अंदाज म्हणून घ्यायचा नाही. टार्गेट टार्गेटच्या जागी राहू द्या. अंदाज वेगळ्या कॉलममध्ये. डीलरकडून शेतकऱ्याकडे खरंच किती जातात, याचा काही पुरावा आहे का?

मृदगंधा

आहे! वॉरंटीसाठी पंपावरचा क्यूआर कोड दुकानदार किंवा मेकॅनिक स्कॅन करतो. सगळे करत नाहीत, पण न करणाऱ्यांचं प्रमाण दर महिन्याला साधारण सारखंच असतं. ते मागच्या दोन वर्षांच्या बिलिंगशेजारी ठेवलं. मागच्या मार्चमध्ये बिलिंग उसळलं, स्कॅन उसळले नाहीत, आणि एप्रिलमध्ये बिलिंग पडलं. स्कॅनवरून मार्चची खरी डीलर मागणी २,१५० च्या आसपास येते आणि एप्रिलची २,७००. म्हणजे मार्चला २,१५० अधिक ७००, एकूण २,८५०.

मग प्लांटकडे ३,४०० ची क्षमता असताना वाद कशाचा होता?

जुना_नियोजक

वाद एप्रिलचा आहे, तुम्ही तो मार्चमध्ये घालताय. एका महिन्याचा प्लॅन फ्रीज करताना पुढचे तीन-चार महिने शेजारी मांडलेले नसतील तर हेच होतं. एप्रिलची क्षमता काढा.

मृदगंधा

काढली. एप्रिलमध्ये जोतिबाची यात्रा, लग्नसराई, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. २४ दिवस, आणि हजेरी मागच्या वर्षांसारखी धरली तर ७८ टक्के. ३६ वाइंडर, ८ तास, म्हणजे साधारण ५,४०० तास आणि ३,००० मोटारी. मागणी डीलरचे २,७०० आणि सौरचे ९०० आले तर ३,६००. सहाशे कमी पडतात. मार्चमध्ये साडेपाचशेची जागा रिकामी आहे.

म्हणजे मार्चमध्ये पाचशे जास्त बनवायचे. पण एका पंपाची किंमत कारखान्यात १४,००० पडते, पाचशेचे ७० लाख. अकाउंट्स हे ऐकताच उठून जातील.

जुना_नियोजक

अडचण वाइंडिंगची आहे ना? मग पुढे फक्त वाइंडिंगच काढा, पूर्ण पंप कशाला? मोटारीचा तार गुंडाळलेला स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, तेवढा करून ठेवा. पंपाचा खालचा-वरचा भाग, इम्पेलर, बाउल, केबल, पॅकिंग यातलं काही आत्ता घ्यायचं नाही. यातून दोन फायदे होतात. पैसा कमी अडकतो. आणि ५ एचपीची एकच मोटार दहा स्टेजच्या, म्हणजे इम्पेलर-बाउलच्या दहा जोड्यांच्या, पंपाला लागते, बारा आणि पंधरा स्टेजलाही. तुमच्या जानेवारीच्या घोळात पाचशे नग पडून राहिले कारण स्टेज चुकल्या होत्या, मोटारी बहुधा नाहीत. एचपीचा अंदाज बरा येतो, तयार मॉडेलचा येत नाही. म्हणून जिथे अंदाज बरा येतो तिथपर्यंतच काम पुढे नेऊन थांबायचं.

सौर मोटारींसाठी हे करू नका. त्यांचं वाइंडिंग वेगळं असतं आणि ते डीलरच्या पंपाला चालत नाही. तारखेशिवाय सौर स्टेटर गुंडाळला तर तो अडकला.

आणि स्टेटर नीट ठेवा. स्टॅम्पिंगच्या उघड्या पोलादी पत्र्यांना गंज येतो, उंदीर तारेचं आवरण कुरतडतात. गंजरोधक तेल, पॉलिथिन, रॅकवर उंच. जुळणीआधी पुन्हा मेगर लावून इन्सुलेशन तपासा.

शिरोली_फाउंड्री

धागा वाचत होतो. आमची लहान फाउंड्री आहे, पंपाच्या बाउल आणि ब्रॅकेटचं कास्टिंग करतो. तुमच्या कंपनीला नाही, पण तुमच्यासारख्यांनाच.

आमची बाजू ऐका. २५ तारखेला शेड्यूल येतं २,००० बाउलचं. आम्ही पिग आयर्न, स्क्रॅप, रेझीन मागवतो, मोल्डिंगची माणसं लावतो. ५ तारखेला फोन येतो, १,३०० च पाठवा. माल पडून राहतो आणि बिल होत नाही म्हणून पैसेही नाहीत. असं दोन-चार वेळा झालं की माणूस शिकतो. आता २,००० चं शेड्यूल आलं की मी १,४०० च ओततो. मग एखाद्या महिन्यात त्यांना खरंच २,००० हवे असतात, तेव्हा त्यांचा प्लांट हेड म्हणतो, फाउंड्रीवाल्यामुळे लाइन थांबली.

मला एक आकडा नका देऊ. दोन द्या. इतके नक्की घेणार, घेतले नाहीत तरी पैसे देणार. आणि त्यावर इतके होऊ शकतात, त्यासाठी मी कच्चा माल ठेवतो, पण तो पडून राहिला तर त्याची जबाबदारी तुमची. एवढं लिहून द्या, तुमचा प्लॅन माझ्याकडून कधी मोडणार नाही.

मृदगंधा

दादा, हे वाचून मी आमच्या खरेदीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आपल्याही दोन फाउंड्री शेड्यूलपेक्षा कमीच ओततात, म्हणून मीच शेड्यूल वाढवून पाठवतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंदाज फुगवणं आणि कापणं चालू आहे, आणि माझ्या शीटवर तिसराच आकडा.

खतावणी

मृदगंधाताई, स्टेटरचा खर्च काढला का? आणि एक लक्षात ठेवा, बँका अर्धवट मालाला तयार मालासारखं धरतीलच असं नाही. काही जास्त मार्जिन कापतात. तुमच्या मंजुरीपत्रात बघा, नंतर धक्का नको.

मृदगंधा

स्टॅम्पिंग, ४ किलो तांबं, मजुरी मिळून एका स्टेटरला ७,५०० धरले. तांब्याची तार हिशेबाला हजार रुपये किलो धरलीय, भाव रोज हलतो. पाचशे स्टेटरचे साडेसदतीस लाख होतात. मंजुरीपत्र बघायला सांगितलं आहे.

काल मोठी मीटिंग झाली. त्याआधी तीन दिवस मी, विक्रीचे एक जण, प्लांट हेड आणि अकाउंट्सच्या मॅडम असे चौघंच बसलो होतो, मॅनेजिंग डायरेक्टर नव्हते. त्या बैठकीचा फरक पडला. अकाउंट्सच्या मॅडमनी पहिल्यांदाच तारखेसह आकडा दिला: २० मार्चपर्यंत जास्तीचे ३० लाख, त्यानंतर थोडे आणखी. म्हणजे ४०० स्टेटर. विक्रीच्या माणसाने विचारलं, मग एप्रिलमध्ये दोनशे तरी कमीच पडणार? तीन हजार अधिक चारशे, मागणी छत्तीसशे. हो, दोनशे कमी.

त्या दोनशेसाठी दोन पर्याय लिहून वर नेले. सौरच्या एका इंटिग्रेटरला दोनशे नग मेमध्ये घ्यायला सांगायचं, किंवा बाहेर जॉबवर्कने वाइंडिंग करून घ्यायचं. बाहेरच्या वाइंडिंगला आमचा पूर्वीचा अनुभव जपून राहण्यासारखा आहे. डायरेक्टरांनी पहिला पर्याय निवडला, आणि १० मार्चपर्यंत इंटिग्रेटरने तारीख मान्य केली नाही तर दुसरा.

फ्रीज झालं ते असं: मार्चमध्ये २,८५० पूर्ण पंप आणि ४०० डीलर-मोटारींचे स्टेटर. वाइंडिंगला ३,२५०, म्हणजे दीडशेची जागा मोकळी ठेवली. जुळणी आणि टेस्टिंग टँक एप्रिलमध्ये ३,४०० झेपेल का हेही तपासलं. टँक ३,७०० पर्यंत घेतो. तार दोन लॉटमध्ये घ्यायची, पहिल्या आठवड्यात आणि २० नंतर.

जुना_नियोजक

छान. ती दीडशेची मोकळी जागा कुणाला भरू देऊ नका. तीच तुमचा फ्रीज वाचवेल.

आता तारखा बांधून घ्या. महिना बंद झाल्यावर तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत गेल्या महिन्याचे खरे आकडे आणि साठा. सहाव्या-सातव्या दिवशी मागणीची बैठक. दहाव्याला पुरवठ्याची. तेराव्याला तुमची चौघांची, रुपयांसह. पंधराव्या-सोळाव्याला वरची. यायला सगळ्यात जास्त दिवस लागणारा जो माल आधी साठवून ठेवता येत नाही, त्याच्यावरून फ्रीजची मुदत ठरवा. तुमच्याकडे ती स्टॅम्पिंग किंवा कास्टिंग असेल. २५ तारखेला फ्रीज केलं आणि कास्टिंगला तीन आठवडे लागतात, तर पहिले तीन आठवडे तुम्ही जुन्याच निर्णयावर चालता. मग २५ ला काय फ्रीज झालं?

आणि प्रत्येक आकड्याशेजारी गृहीतक लिहा: सौर ७००, तीन लॉट, या तारखा. वाइंडर हजेरी ८५ टक्के. पुढच्या महिन्यात आधी गृहीतकं तपासा, मग आकडे. विक्रीचा अंदाज सलग पाच-सहा महिने एकाच बाजूला चुकत असेल तर तो अंदाज नाही. खरा अंदाज दोन्ही बाजूंना चुकतो.

विक्रीतला_माणूस

एका गोष्टीवर मी अजून अडून आहे. तुम्ही सगळ्यांनी डीलरचा २,६०० चा २,१५० केला. मार्चमध्ये डीलरच्या गोडाऊनमध्ये आमचा माल भरला असेल तर तो दुसऱ्या कंपनीचा घेत नाही, त्याचे पैसे आणि जागा आमच्यात अडकलेले असतात. हंगामात त्याचा फायदा होतो. स्कॅनमध्ये तो दिसणार नाही.

जुना_नियोजक

हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण मग ते स्कीम म्हणून मांडा: एवढे नग, एवढी सूट, एवढे दिवस उधारी, आणि त्याचा रोख पैशावर परिणाम. चौघांच्या बैठकीत तो वेगळा पर्याय म्हणून येऊ द्या. मागणीच्या आकड्यात गुपचूप मिसळला तर प्लांट भलत्याच स्टेजचे पंप बनवतो.

खतावणी

आणि उधारी ९० दिवसांच्या पुढे गेली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. माझ्या मते वार्षिक इन्सेंटिव्ह ३१ मार्चला संपणारं ठेवूच नये, हंगामाच्या शेवटी जूनला ठेवावं. पण त्याला कुठलाच विक्रीप्रमुख तयार होत नाही.

विक्रीतला_माणूस

मीही होणार नाही. माझं वर्ष कंपनीच्या वर्षासोबतच संपतं.

मृदगंधा

मार्चचे पहिले दहा दिवस झाले म्हणून लिहितेय. ६ तारखेला डायरेक्टरांकडे एका मोठ्या डीलरचा फोन आला, साडेसात एचपीचे १२० नग आठवड्यात हवेत. पूर्वी प्लॅन इथेच मोडला असता. यावेळी मोकळ्या दीडशेतून १२० घेतले. मोटारी आणि इम्पेलर आमच्याकडे होते, फाउंड्रीकडून येणारे बाउल मात्र कमी होते. शिरोली_फाउंड्री दादांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही दोन आकडे द्यायला सुरुवात केली आहे, पण फक्त एकाच फाउंड्रीला. खरेदीवाल्याला जबाबदारी लिहून द्यायला अजून वरून परवानगी नाही. त्या एका फाउंड्रीने बाउल तीन दिवसांत दिले.

इंटिग्रेटरने मेची तारीख मान्य केलेली नाही. उद्या जॉबवर्कच्या वाइंडिंगवाल्याकडे जातेय. पहिल्या वीस मोटारी तिथे करून पाण्यात टेस्ट करू, मगच पुढचे. कुणी बाहेर व्ही-६ वाइंडिंग करून घेतलं असेल तर काय तपासता ते सांगा.

शिरोली_फाउंड्री

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक जण रिवाइंडिंग करतो, त्याच्याकडे पंपवाल्यांचं काम येतं. त्याचे ग्राहक आधी जॉइंटच्या टेप बघतात. पाण्याच्या मोटारीत तिथूनच करंट गळतो. तार तुमची द्या, त्याची वापरू देऊ नका, आणि वजन करून द्या, वजन करून घ्या.